रुग्ण गप्प, यंत्र बोलके

छातीला स्टेथोस्कोप लावला की डॉक्टर म्हणतात, ‘लांब श्वास घ्या, बोलू नका.’ पुढची वीस-पंचवीस सेकंदे दोघेही गप्प असतात. छताचा पंखा फिरतो, बाहेर स्ट्रेचरची चाके वाजतात, पण शब्द एकही नसतो. टेबलावरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर संभाषण ऐकून आपोआप टिपण लिहिणारी प्रणाली चालू असेल, तर या वीस-पंचवीस सेकंदांच्या जागी कागदावर काय यायला हवे? काहीच नको. प्रत्यक्षात मात्र कधीकधी तिथे एक पूर्ण, व्याकरणशुद्ध आणि कुणीही न उच्चारलेले वाक्य सापडते.

असे लिखाण चुकीच्या शब्दांपेक्षा वेगळे असते. ‘पोटात’च्या जागी ‘ओठात’ लिहिले गेले तर वाचणाऱ्याला खटकते आणि मूळ शब्दाचा अंदाजही करता येतो. शांततेतून निघालेल्या वाक्याला मूळच नसते आणि ते गुळगुळीत असल्यामुळे खटकतही नाही. संगणकतज्ज्ञ याला ‘हॅलुसिनेशन’, म्हणजे भास म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने हा शब्द थोडा चुकलाच आहे. भास होणाऱ्या रुग्णाला नसलेला आवाज ऐकू येतो. इथे जे घडते ते कॉर्साकॉफच्या विकाराशी अधिक जुळते. अनेक वर्षांच्या दारूमुळे आणि थायमिनच्या कमतरतेमुळे स्मृती गेलेला असा रुग्ण वॉर्डात असतो. ‘सकाळी काय केलंत?’ असे विचारले की तो, आठवत काहीच नसताना, ‘बाजारात जाऊन भाजी आणली,’ असे सहज सांगतो. तो खोटे बोलत नसतो. रिकामी जागा दिसली की ती शक्य वाटेल अशा मजकुराने भरायची, एवढेच त्याच्या मेंदूकडून होते. वैद्यकात याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात.

या दोषाचा सर्वांत नीट अभ्यास झाला तो ‘व्हिस्पर’ या प्रणालीवर. ओपनएआय कंपनीने ती सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. फुकट, अनेक भाषा जाणणारी आणि स्वच्छ बोलणे फार चांगले टिपणारी असल्यामुळे ती असंख्य साधनांच्या पोटात जाऊन बसली. डॉक्टर-रुग्ण संवादाचे टिपण करणारी काही साधनेही त्यात आली. महत्त्वाचे निर्णय अवलंबून असतील अशा कामांत तिचा वापर टाळावा, असा इशारा खुद्द कंपनीने दिलेला होता.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन कोनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास डॉक्टरांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. त्यांनी व्हिस्परला १३ हजारांहून अधिक छोटी ध्वनिमुद्रणे ऐकवली. यातले काही आवाज निरोगी माणसांचे होते आणि काही अफेजिया झालेल्यांचे. अफेजियात, बहुधा पक्षाघातानंतर, मनातला विचार शाबूत असतो पण शब्द सापडत नाही. असा रुग्ण दोन शब्द बोलतो, थांबतो, शोधतो, पुन्हा बोलतो. साधारण एक टक्का मुद्रणांच्या शब्दांकनात अख्खी वाक्ये किंवा वाक्यांश मनचे घातलेले आढळले. अफेजिया असलेल्यांत हे प्रमाण १.७ टक्के होते, तर नसलेल्यांत १.२ टक्के. मुद्रणात न बोलल्याचा काळ जितका जास्त, तितकी अशी भर पडण्याची शक्यता जास्त होती. मनच्या मजकुरापैकी जवळपास ४० टक्के मजकूर निरुपद्रवी नव्हता. त्यात हिंसा होती, एखाद्याबद्दल खोटी माहिती होती, किंवा कुणीतरी अधिकाराने बोलते आहे असा आभास होता.

एका मुद्रणात चित्रातल्या मुलाबद्दल बोलणारी व्यक्ती अडखळत एवढेच सांगत होती की तो छत्री घेणार होता, नक्की माहीत नाही. शब्दांकनात त्या मुलाने अनेक माणसे मारल्याचे लिहून आले. दुसऱ्या एका ठिकाणी दोन मुली आणि एका बाईचा उल्लेख होता, तिथे त्या कृष्णवर्णीय असल्याची भर यंत्राने पदरची घातली. एक-दीड टक्का हा आकडा लहान वाटेल. पण दिवसाला दीडशे रुग्ण पाहणाऱ्या ओपीडीत प्रत्येक रुग्णाचे बोलणे अशा अनेक तुकड्यांत मोडते, हे ध्यानात घेतले की तो लहान राहत नाही.

आता असे का होते ते पाहू. व्हिस्पर आवाज सलग ऐकत नाही. ती ३० सेकंदांचा एक तुकडा घेते. तुकडा छोटा असेल तर उरलेली जागा कृत्रिम शांततेने भरते. या तुकड्याचे ती एक प्रकारचे चित्र बनवते, ज्यात कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीचा आवाज किती होता हे दिसते. एका सेकंदाचे शंभर उभे काप, म्हणजे तुकड्याचे तीन हजार. यंत्राचा पहिला भाग हे चित्र वाचतो. दुसरा भाग लिहितो, आणि सगळी गोम या लिहिणाऱ्यात आहे. तो प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे चित्र असे आहे आणि मी आतापर्यंत हे लिहिले आहे, तर यापुढचा शब्द कोणता असावा?

म्हणजे त्याच्यावर दोन दोऱ्यांचा ताण असतो. एक दोरी आवाजाची, दुसरी भाषेच्या सवयीची. माणूस स्पष्ट बोलत असतो तेव्हा आवाजाची दोरी घट्ट असते आणि सवय मागे राहते. माणूस गप्प झाला की आवाजाची दोरी सैल पडते, पण दुसरी दोरी ओढतच राहते. ‘यापुढे काहीच नाही’ असे म्हणून थांबण्याची सोय लिहिणाऱ्याकडे असते, मात्र तीही इतर पर्यायांसारखाच एक पर्याय असते. दुसरे एखादे वाक्य अधिक ‘शक्य’ वाटले की थांबणे मागे पडते.

जुन्या घडणीच्या आणि आजही वापरात असलेल्या काही प्रणालींत असे सहसा होत नाही. त्या आवाजाच्या प्रत्येक छोट्या कापाला एक अक्षर तरी देतात किंवा ‘कोरे’ अशी खूण तरी. शांततेच्या प्रत्येक कापावर ‘कोरे’ लागते आणि विषय संपतो. त्या शब्द चुकवतात, गाळतात, पण कथा रचत नाहीत. व्हिस्परची सहजता आणि तिचा हा दोष एकाच रचनेतून आलेले आहेत.

मग ही सवय तिला लागली कुठून? पहिल्या आवृत्तीचे शिक्षण ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर झाले. हा ध्वनी इंटरनेटवरचा होता आणि त्याच्यासोबत आधीच लिहिलेला मजकूर होता. प्रत्येक तासाचे शब्दांकन माणसाने तपासणे अशक्यच होते. आता एखाद्या व्हिडिओचा शेवट आठवा. बोलणारा थांबलेला असतो, मागे हलके संगीत किंवा शांतता असते आणि पडद्याच्या तळाशी ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ अशी ओळ येते. कुणी म्हटलेले नसते, पण लिहिलेले असते. यंत्राने अशा हजारो जोड्या पाहिल्या आणि शांततेचा अर्थ ‘धन्यवाद’ असा लावला. म्हणूनच रिकामे मुद्रण दिले तर इंग्रजीत बऱ्याचदा हीच ओळ निघते. जर्मन आणि फ्रेंचमध्ये तर उपशीर्षके तयार करणाऱ्या अमारा या संकेतस्थळाच्या स्वयंसेवकांची श्रेयओळ जशीच्या तशी उमटते. कुणाच्या तरी कामाची नोंद शांततेचा तर्जुमा होऊन बसली आहे.

या धन्यवादांना हसून सोडून देता येईल. पण खुनाची गोष्ट कुठून आली? तिथे यंत्राची एक चांगल्या हेतूने केलेली सोय अंगाशी येते. पहिल्या प्रयत्नात लिहिलेला मजकूर यंत्राला स्वतःलाच अविश्वसनीय वाटला, किंवा एकच शब्दसमूह पुन्हा पुन्हा आला, तर ते तोच तुकडा पुन्हा लिहून पाहते. दर वेळी थोडे अधिक मोकळे होऊन, म्हणजे सर्वांत शक्य शब्दच न निवडता इतर शब्दांनाही संधी देऊन. अस्पष्ट बोलण्यात याचा उपयोग होतो. शांततेत मात्र पाया नसताना दिलेली ही मोकळीक कल्पनेला रान मोकळे करते. एक ओळ रचली गेली की पुढच्या तुकड्याला ती ‘आधीचा मजकूर’ म्हणून दाखवली जाते, आणि रचलेल्या ओळीला जुळणारी दुसरी ओळ रचली जाते.

शांतता ओळखण्याची तपासणी व्हिस्परमध्ये नाही असे नाही. प्रत्येक तुकड्यासाठी ती `no_speech_prob` नावाचा आकडा काढते, म्हणजे इथे कुणी बोलत नसण्याची शक्यता किती. हा आकडा ०.६ च्या वर असेल तर तुकडा सोडून द्यायचा, असा नियम आहे. पण त्याला एक अट जोडलेली आहे: लिहिलेल्या मजकुराबद्दलचा यंत्राचा सरासरी आत्मविश्वासही कमी असला पाहिजे. आत्मविश्वास ठरलेल्या पातळीच्या वर असेल तर शांततेचा अंदाज बाजूला ठेवून मजकूर ठेवला जातो. हळू आवाजात बोलणाऱ्याचे शब्द गळू नयेत हा हेतू. पण ‘पाहिल्याबद्दल धन्यवाद’ ही ओळ यंत्राने इतक्या वेळा पाहिली आहे की ती लिहिताना त्याचा आत्मविश्वास दांडगा असतो. नेमकी सर्वांत सवयीची बनावट ओळच या चाळणीतून सुखरूप निसटते.

दुसरी अडचण ओपीडीतल्या उदाहरणाने पाहू. समजा, एका तुकड्याच्या सुरुवातीला डॉक्टर म्हणाले, ‘झोपा, पोट बघू या. दुखलं की सांगा.’ याला चार सेकंदे लागली. पुढची २६ सेकंदे ते पोट तपासत आहेत आणि रुग्ण गप्प आहे. बोलणे नसण्याची शक्यता संपूर्ण तुकड्यासाठी एकदाच काढली जाते. तुकड्यात चार सेकंदे स्पष्ट बोलणे असल्यामुळे उत्तर येते, ‘इथे बोलणे आहे.’ उरलेल्या २६ सेकंदांसाठी वेगळी विचारणा होत नाही. आता भाषेची सवय सांगते की ‘दुखलं की सांगा’ नंतर काहीतरी उत्तर येते. तिथे ‘हो, इथे दुखतंय’ अशी ओळ उमटली, तर ती कुणालाही संशयास्पद वाटणार नाही. वास्तवात रुग्णाचे न बोलणे हेच उत्तर होते: दुखत नाही. पोटदुखीच्या रुग्णात दाबल्यावर दुखणे आणि न दुखणे यावर पुढची सोनोग्राफी, शल्यचिकित्सकाचे मत, कधी रात्रभर भरती ठेवणे अवलंबून असते.

ओळ बनावट असल्याचे ओळखण्याची एक जागा आहे, ती म्हणजे वेळ. शब्दांकनात प्रत्येक ओळीपुढे ती कधी सुरू झाली आणि कधी संपली हे लिहिलेले असते. माणूस सेकंदाला साधारण दोन-तीन शब्द बोलतो. वरच्या उदाहरणातील तीन शब्दांच्या ओळीपुढे २६ सेकंदांचा काळ दिसला, किंवा वीस शब्दांची ओळ एका सेकंदात बसवलेली दिसली, तर ती तोंडातून आलेली नाही हे उघड आहे. व्हिस्परमध्ये पुढे घातलेली `hallucination_silence_threshold` ही सोय याच तत्त्वावर चालते. ती प्रत्येक शब्दाचा काळ मोजते. शब्द सेकंदाच्या ०.१३३ भागाहून छोटा, दोन सेकंदांहून लांब किंवा फारच कमी खात्रीचा असेल तर त्याला संशयाचे गुण देते. असे संशयास्पद शब्द लांब शांततेला लागून आले की ती ओळ वगळून पुढे जाते. ही सोय आपोआप चालू नसते, साधन बनवणाऱ्याने ती चालू करावी लागते. डॉक्टरांच्या पडद्यावर तर बहुतेकदा वेळा न दाखवता नेटका परिच्छेदच येतो. संशय घेण्याची जागाच अशा नेटकेपणात पुसली जाते.

यापेक्षा मुळाशी जाणारा उपाय म्हणजे यंत्राला शांतता ऐकवायचीच नाही. त्यासाठी व्हिस्परच्या आधी एक छोटा पहारेकरी बसवतात. आवाजाच्या सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढ्या तुकड्यावर तो फक्त एवढेच सांगतो की यात माणसाचे बोलणे आहे की नाही. त्याला भाषा येत नाही, म्हणून तो वाक्य रचू शकत नाही. ‘सिलेरो’ हा अशांपैकी सर्वत्र वापरला जाणारा. ‘फास्टर-व्हिस्पर’ या लोकप्रिय आवृत्तीत `vad_filter` चालू केले की हा पहारेकरी कामाला लागतो, दोन सेकंदांहून लांब शांतता कापून टाकतो, फक्त बोलण्याचे तुकडे पुढे पाठवतो आणि शेवटी मूळ वेळा पुन्हा जुळवून देतो. वरच्या उदाहरणात २६ सेकंदे लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचलीच नसती.

बनावट ओळी यामुळे बऱ्याच कमी होतात. पण पहारेकऱ्याचीही किंमत मोजावी लागते, आणि ती पुन्हा आजारी माणसालाच. पार्किन्सनच्या रुग्णाचा आवाज खोल जातो, दम लागलेला रुग्ण दोन-दोन शब्द पुटपुटतो, घसा बसलेला माणूस कुजबुजतो. कडक पहारेकरी यांचे खरे शब्द शांतता समजून कापतो. सैल पहारेकरी खोकला, रडणारे मूल, शेजारच्या टेबलावरचे बोलणे आत सोडतो. आपल्याकडच्या सरकारी ओपीडीत तर शुद्ध शांतता मिळतच नाही. असतो तो बोलणे नसलेला गोंगाट, आणि व्हिस्पर गोंगाटातूनही ओळी रचते. शिवाय तिच्या शिक्षणातला बहुतांश ध्वनी इंग्रजी होता, मराठीचा वाटा नगण्य. त्यामुळे परदेशात शांत खोलीत इंग्रजीवर ठरवलेली पातळी इथे जशीच्या तशी चालेल असे कुणी गृहीत धरू नये. काटा कुठे ठेवायचा हे त्या-त्या खोलीतली मुद्रणे घेऊनच ठरवावे लागेल. काटा चुकायचाच असेल तर तो गळलेल्या शब्दाच्या बाजूने चुकलेला बरा. टिपणात काही राहिले तर डॉक्टर पुन्हा विचारतो, भर पडलेली ओळ मात्र कुणी विचारत नाही.

आणखी एक छोटा बदल करण्यासारखा आहे. आधीचा मजकूर पुढच्या तुकड्याला दाखवणारी `condition_on_previous_text` ही सोय बंद करता येते. मग एक बनावट ओळ दुसरीला जन्म देत नाही. तोटा असा की औषधाचे किंवा व्यक्तीचे नाव एका तुकड्यात एक आणि दुसऱ्यात वेगळे लिहिले जाऊ शकते. वैद्यकीय टिपणात तोही त्रासच, पण तो दिसणारा त्रास आहे.

यंत्राच्या आतच दुरुस्ती करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२५ मध्ये काही संशोधकांनी व्हिस्परच्या मोठ्या आवृत्तीतील लिहिणाऱ्या भागाची उकल केली. कोणत्या शब्दाने कुठे लक्ष द्यायचे हे ठरवणारी वीस ‘डोकी’ त्यात असतात. त्यातली फक्त तीन डोकी बोलणे नसलेल्या आवाजांवरच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक बनावट मजकुराला जबाबदार निघाली. संशोधकांनी उरलेले यंत्र तसेच ठेवून या तीन डोक्यांना पुन्हा शिकवले: हा गोंगाट, आणि याचे उत्तर कोरे. असा मजकूर ८० टक्क्यांहून अधिक घटला आणि खरे बोलणे टिपण्यात जवळजवळ फरक पडला नाही. मेंदूत नेमका बिघाड कुठे आहे हे शोधून तेवढ्यावरच उपचार करण्यासारखे हे काम आहे. मात्र प्रयोगशाळेतली ही दुरुस्ती रुग्णालयाने विकत घेतलेल्या साधनात उतरली आहे का, हे ग्राहकाने विचारल्याशिवाय कळत नाही. कोनेके यांच्या गटालाही काही महिन्यांनी तीच मुद्रणे पुन्हा चालवल्यावर सुधारणा दिसली होती. म्हणजेच, त्याच आवाजाचे शब्दांकन आज एक आणि उद्या दुसरे येऊ शकते. यातूनच एक स्वस्त तपासणी निघते: तेच मुद्रण दोनदा चालवावे. खरे शब्द दोन्ही वेळा बहुधा तेच येतात, मोकळेपणाने रचलेले सहसा बदलतात. सवयीची ‘धन्यवाद’ छापाची ओळ मात्र दोन्ही वेळा येईल. तिच्यासाठी अशा नेहमीच्या ओळींची यादी ठेवून त्या गाळणे हा वेगळा उपाय वापरतात.

या सगळ्या तपासण्यांना मूळ आवाज हाताशी असावा लागतो, आणि खरा वाद इथेच आहे. अमेरिकेत हजारो डॉक्टर वापरत असलेले, व्हिस्परवर बेतलेले एक टिपण-साधन मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकत असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने समोर आणले. कारण दिले गेले माहितीच्या सुरक्षिततेचे. कारण खोटे नाही, रुग्णाचा आवाज ही त्याची खासगी बाब आहे आणि तो अनंतकाळ साठवणे चूकच. पण आवाज गेला की कागद हाच एकमेव साक्षीदार उरतो, आणि त्याची उलटतपासणी कुणालाही करता येत नाही. डॉक्टरने टिपण वाचून सही करेपर्यंत आणि त्यानंतर रुग्णाला हरकत घेता येईल असे काही दिवस मुद्रण ठेवावे, मग पुसावे, इतका साधा मध्यममार्ग काढता येतो. साठवण्याचा खर्चही फार नाही. सही करणाऱ्या डॉक्टरला मात्र टिपणातल्या ओळीवर बोट ठेवले की त्या क्षणाचा आवाज ऐकता आला पाहिजे. ती सोय नसेल तर त्याची सही कशाची साक्ष देते, हे सांगणे अवघड आहे.

असे साधन घेऊ पाहणाऱ्या रुग्णालयाने विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात स्पष्ट बोलणारा माणूस ऐकून समाधान मानू नये. ओपीडी सुरू होण्याआधी, पंखे चालू असलेल्या रिकाम्या खोलीत ते साधन पाच मिनिटे लावून ठेवावे. मग गर्दीच्या वेळी, कुणी जवळ न बोलता, आणखी पाच मिनिटे. शेवटी एकाने चार शब्द बोलून अर्धे मिनिट गप्प राहावे, असे दहा वेळा. पहिल्या पाच मिनिटांत उमटलेला प्रत्येक शब्द बनावट आहे, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. शेवटच्या प्रयोगात त्या चार शब्दांपलीकडे काय काय लिहून आले, ते मोजून विक्रेत्यापुढे ठेवावे.